नऊ टक्क्यांचा हिशेब

बेंचमार्कच्या मागे पडलेल्या वर्षानंतर फंड मॅनेजर ग्राहकांना पत्र लिहितो, तेव्हा त्याला एका प्रश्नाचे उत्तर द्यायचे असते. पडलेली तूट ही समजून-उमजून घेतलेल्या भूमिकेची किंमत आहे, की चुकीच्या शेअरनिवडीची? खातेउताऱ्यावर दोन्ही तुटी सारख्याच दिसतात. पहिल्या प्रकारची तूट असेल तर ग्राहकाने थांबण्यात अर्थ असू शकतो, दुसऱ्या प्रकारची असेल तर पैसे काढून घेणे शहाणपणाचे. गंमत अशी, की दोन्ही बाबतींत पत्राची भाषा बहुधा एकच असते: बाजार तात्पुरता भरकटला आहे, आमच्या कंपन्या भक्कम आहेत, धीर धरा. म्हणून अशा पत्रातले शब्द थोडे बाजूला ठेवून आकडे कसे मांडले आहेत ते पाहावे लागते.

भूमिका कोणती, हे आधी पाहू. बीएसई 500 किंवा निफ्टीसारख्या निर्देशांकात प्रत्येक कंपनीचे वजन तिच्या बाजारमूल्यानुसार ठरते. शेअर महागला की त्याचे वजन आपोआप वाढते. व्हॅल्यू पद्धतीने चालणारा मॅनेजर हे वजन मुद्दाम बदलतो. कमाई, पुस्तकी मूल्य आणि लाभांश यांच्या तुलनेत जे शेअर स्वस्त आहेत ते तो बेंचमार्कपेक्षा जास्त घेतो आणि महाग शेअर कमी घेतो किंवा घेतच नाही. या विचाराची मांडणी बेंजामिन ग्रॅहम आणि डेव्हिड डॉड यांनी 1934 साली केली. युजीन फामा आणि केनेथ फ्रेंच यांनी 1992 मध्ये अमेरिकेतल्या 1963 ते 1990 या काळाच्या आकडेवारीवरून दाखवले, की पुस्तकी मूल्याच्या तुलनेत स्वस्त असलेल्या शेअरचा सरासरी परतावा महागड्या शेअरपेक्षा जास्त होता. यातला ‘सरासरी’ हा शब्द महत्त्वाचा आहे. दरवर्षी असे घडते, असा दावा त्यांनी केलेला नाही.

आता एक हिशेब घेऊ. आकडे कल्पित आहेत, पण मांडणी खऱ्या पत्रातली आहे. समजा, मुंबईतली एक पोर्टफोलिओ मॅनेजमेंट संस्था, म्हणजे बाजाराच्या भाषेत पीएमएस, व्हॅल्यू पद्धतीने पैसे गुंतवते. या सेवेत ग्राहकाला किमान 50 लाख रुपये गुंतवावे लागतात, त्यामुळे पत्र वाचणारा माणूस आकडे बघणारा असतो. मार्चअखेर संपलेल्या वर्षात बीएसई 500 ने लाभांश धरून 14 टक्के दिले आणि या पोर्टफोलिओने फी वजा जाता 5 टक्के. तूट 9 टक्क्यांची.

या नऊ टक्क्यांची फोड करायची तर मध्ये आणखी एक आकडा लागतो. त्या वर्षात स्वस्त शेअरच्या अख्ख्या गटाचे काय झाले? त्यासाठी निफ्टी 500 व्हॅल्यू 50 सारखा निर्देशांक वापरता येतो. तो कमाई, पुस्तकी मूल्य, विक्री आणि लाभांश या कसोट्यांवर स्वस्त ठरणाऱ्या 50 कंपन्या निवडतो, मॅनेजरची अक्कल त्यात कुठेच येत नाही. आपल्या उदाहरणात अशा निर्देशांकाने 8 टक्के दिले असे धरू. मग 14 आणि 8 यांतला 6 टक्क्यांचा फरक पद्धतीच्या खात्यावर जातो. त्या वर्षी व्हॅल्यूच्या वाटेने गेलेल्या कोणालाही साधारण एवढा फटका बसलाच असता. उरलेले 3 टक्के मात्र मॅनेजरच्या खात्यावर येतात. त्यातले दीड टक्का म्हणजे फी, कारण निर्देशांक फी घेत नाही. दुसरे दीड टक्का म्हणजे स्वस्त शेअरांतूनही त्याने सरासरीपेक्षा वाईट शेअर निवडल्याची किंमत.

प्रामाणिक पत्रात ही तीन ओळींची फोड पहिल्याच पानावर असते: पद्धत 6, निवड दीड, फी दीड. कमी प्रामाणिक पत्र नऊच्या नऊ टक्के व्हॅल्यूच्या माथी मारते. फी आणि निवड दोन्ही त्यात लपून जातात आणि ग्राहकाला वाटते, की सगळा दोष बाजाराचाच होता.

या फोडीतही एक खाचखळगा आहे. स्वस्त शेअर शोधणारे मॅनेजर पुष्कळदा लहान कंपन्यांकडे वळतात, कारण स्वस्ताई तिथे अधिक सापडते. मग तूट व्हॅल्यूमुळे पडली की कंपन्या लहान असल्यामुळे, हे वेगळे काढावे लागते. 2019 साल याचे चांगले उदाहरण आहे. त्या वर्षी निफ्टी 12 टक्क्यांनी वाढला, पण मिडकॅप आणि स्मॉलकॅप निर्देशांक घसरले. मूठभर मोठ्या शेअरनी सगळा बाजार ओढून नेला होता. अशा वर्षी लहान, स्वस्त शेअर धरून बसलेल्या मॅनेजरने निफ्टीशी तुलना करून ‘व्हॅल्यू चालली नाही’ असे लिहिले, तर ते अर्धेच खरे असते. त्याने लहान कंपन्यांकडचा कलही घेतला होता आणि तो घेणार असल्याचे ग्राहकाला आधी सांगितले होते की नाही, हा वेगळा प्रश्न उरतो.

तूट कोणाची हे ठरले, की ती कशातून आली हे सांगावे लागते. शेअरच्या परताव्याचे तीन घटक असतात: कंपनीची कमाई किती वाढली, त्या कमाईला बाजार किती पट भाव देतो (पीई) त्यात काय बदल झाला, आणि लाभांश किती मिळाला. आपल्या उदाहरणात वर्षाच्या सुरुवातीला बाजाराचा पीई 24 होता, शेवटी 26.4 झाला, म्हणजे 10 टक्क्यांनी वाढला. कंपन्यांची कमाई मात्र फक्त अडीच टक्क्यांनी वाढली. दोन्ही मिळून भाव पावणेतेरा टक्क्यांनी चढले आणि सव्वा टक्का लाभांश धरून 14 टक्के झाले. पोर्टफोलिओचे चित्र उलटे आहे. त्यातल्या कंपन्यांची कमाई 9 टक्क्यांनी वाढली, पण पीई 10 वरून 9.5 वर आला. भाव जेमतेम साडेतीन टक्के वाढले, लाभांश 3 टक्के मिळाला, मिळून साडेसहा. त्यातून दीड टक्का फी गेली आणि 5 उरले.

व्हॅल्यू मॅनेजरच्या पत्रातली सर्वांत वजनदार ओळ हीच. त्याच्या कंपन्यांनी बाजारापेक्षा जास्त कमाई वाढवली आणि तरीही त्यांचा भाव कमाईच्या मानाने उतरला. उरलेल्या बाजाराची वाढ मात्र मुख्यतः लोक त्याच कमाईला जास्त पैसे मोजायला तयार झाल्यामुळे झाली. सुरुवातीला बाजार या पोर्टफोलिओच्या 2.4 पट महाग होता, वर्षाअखेर सुमारे 2.8 पट झाला. या दरीला मॅनेजर लोक ‘व्हॅल्यू स्प्रेड’ म्हणतात. ती रुंदावली याचा अर्थ स्वस्त शेअर आणखी स्वस्त झाले, म्हणजे पुढच्या काळासाठी अपेक्षा वाढली. मात्र ही दरी कधी मिटेल हे त्या आकड्यात कुठेही लिहिलेले नसते. रुंद झालेली दरी आणखी रुंद होऊ शकते आणि अनेकदा तशी झालीही आहे.

याच ठिकाणी उलटे आकडे आले असते तर? पोर्टफोलिओतल्या कंपन्यांची कमाईच 10 टक्क्यांनी घटली असती आणि पीई 10 वर तसाच राहिला असता, तर तूट त्याहून बरीच मोठी दिसली असती आणि तिचा अर्थही पार बदलला असता. बाजाराने त्या कंपन्या उगाच स्वस्त ठेवल्या नव्हत्या, त्यांची घसरण बाजाराला आधीच दिसली होती, असा निष्कर्ष निघाला असता. व्हॅल्यूच्या जगात याला ‘व्हॅल्यू ट्रॅप’ म्हणतात. पत्रात कमाईचा आकडाच दिलेला नसेल, तर वाचकाने तिथेच थबकावे.

एकेका शेअरकडे जवळून पाहिले की हा फरक अधिक स्पष्ट होतो. समजा, पोर्टफोलिओत एक सरकारी वीजनिर्मिती कंपनी आहे. वर्षाच्या सुरुवातीला शेअर 120 रुपये, प्रतिशेअर कमाई 12 रुपये, म्हणजे पीई 10. वर्षात कमाई 13 रुपये झाली, 5 रुपये लाभांश मिळाला, पण भाव 112 वर आला. हातात पडले उणे अडीच टक्के. या व्यवसायात नफा बऱ्याच अंशी नियमाने बांधलेला असतो. केंद्रीय वीज नियामक आयोगाच्या दरनियमांत औष्णिक प्रकल्पातल्या भागभांडवलावर 15.5 टक्के परतावा धरलेला असायचा. त्यामुळे नवा प्रकल्प सुरू झाला की कमाई वाढते, हे बऱ्यापैकी भरवशाचे. मग भाव का पडला? सरकार आपला हिस्सा थोडाथोडा विकत राहिले. 2014 पासून सीपीएसई ईटीएफच्या एकामागून एक हप्त्यांतून सरकारी कंपन्यांचे शेअर सवलतीने बाजारात आले आणि प्रत्येक हप्त्याच्या सावटाखाली खरेदीदार थांबून राहायला शिकले. त्यात कोळशावर चालणाऱ्या कंपन्यांपासून दूर राहणारे परदेशी फंड आले. भाव पडण्याची कारणे पुरवठा आणि नावड ही होती, नफा नव्हे. अशा शेअरबद्दल मॅनेजरने ‘धरून ठेवला आहे’ असे लिहिले तर त्याला आधार आहे.

याच्या शेजारी सरकारी बँकेचा शेअर ठेवून पाहावा. गेल्या दशकाच्या मध्याला अनेक सरकारी बँका पुस्तकी मूल्याच्या निम्म्या भावात मिळत होत्या. कागदावर याहून स्वस्त काय असणार? पण बँकेचे पुस्तकी मूल्य म्हणजे तिने दिलेली कर्जे परत येतील हा विश्वास. रिझर्व्ह बँकेने 2015 मध्ये कर्जांची गुणवत्ता तपासायला सुरुवात केली आणि वर्षानुवर्षे ‘चांगली’ म्हणून दाखवलेली कर्जे बुडीत म्हणून मांडावी लागली. मार्च 2018 पर्यंत बँकांची ढोबळ थकीत कर्जे एकूण कर्जांच्या 11 टक्क्यांवर गेली. तरतुदी करता करता पुस्तकी मूल्यच झिजले, सरकारने नवे भांडवल घातले तेव्हा शेअरची संख्या वाढून जुन्या भागधारकाचा वाटाही घटला. ज्याने ‘अर्ध्या भावात’ घेतले होते, त्याला कळले की भाव बरोबर होता आणि पुस्तकच चूक होते. आपल्या उदाहरणातल्या निवडीच्या दीड टक्क्यात असाच एखादा शेअर असण्याची शक्यता मोठी. पत्रात त्याचे नाव, किती वजन होते आणि तो विकला की ठेवला, हे स्पष्ट यायला हवे.

पत्राचा पुढचा भाग इतिहासाचा असतो आणि इथे मॅनेजर हात सैल सोडतात. सगळ्यांना 1999 आठवते. अमेरिकेत मोठ्या कंपन्यांच्या रसेल 1000 निर्देशांकाचे ग्रोथ आणि व्हॅल्यू असे दोन भाग केले जातात. 1999 मध्ये ग्रोथने सुमारे 33 टक्के दिले आणि व्हॅल्यूने सुमारे 7. 2000 मध्ये ग्रोथ 22 टक्क्यांनी पडला, व्हॅल्यू 7 टक्क्यांनी वाढला. वॉरन बफे यांच्या बर्कशायर हॅथवेचे प्रतिशेअर पुस्तकी मूल्य 1999 मध्ये फक्त अर्धा टक्का वाढले, एस अँड पी 500 मात्र 21 टक्के. मार्च 2000 च्या पत्रात बफे यांनी हे आपल्या कारकिर्दीतले सर्वांत वाईट वर्ष असल्याचे लिहिले आणि भांडवल कुठे घालायचे या विषयात स्वतःला ‘डी’ श्रेणी दिली. तंत्रज्ञानाचे शेअर का घेतले नाहीत याचेही कारण होते: त्यांतली कोणती कंपनी दीर्घकाळ टिकेल हे ठरवण्याची खास दृष्टी आपल्याकडे नाही, असे ते म्हणाले. वर्षाचे अपयश आणि पद्धतीवरचा विश्वास त्या पत्रात वेगवेगळ्या परिच्छेदांत आहेत, एकाने दुसरे झाकलेले नाही.

त्याच महिन्यात दुसरे एक पत्र निघाले. ज्युलियन रॉबर्टसन यांच्या टायगर मॅनेजमेंटकडे ऐन भरात 20 अब्ज डॉलरहून अधिक पैसा होता. स्वस्त शेअर घ्यायचे आणि महागडे, डळमळीत शेअर विकायचे, ही त्यांची पद्धत 1999 मध्ये सपशेल आपटली. ग्राहक पैसे काढू लागले. 30 मार्च 2000 रोजी रॉबर्टसन यांनी फंड बंद करत असल्याचे ग्राहकांना कळवले. नॅसडॅकचा उच्चांक 10 मार्चला होऊन गेला होता, म्हणजे त्यांचे म्हणणे बाजाराने खरे ठरवायला सुरुवात केल्याला वीस दिवस झाले होते. पत्र कितीही पटणारे असले तरी ग्राहकांचा संयम मॅनेजरच्या आधी संपला, तर पद्धत बरोबर असून उपयोग नसतो.

या इतिहासातून व्हॅल्यू हमखास परत येते, असे सांगणे मात्र सोयीचे आहे, पूर्ण खरे नाही. 2007 नंतर अमेरिकेत व्हॅल्यू दहा वर्षांहून अधिक काळ मागे राहिली. 2020 मध्ये रसेल 1000 ग्रोथने 38 टक्के दिले आणि व्हॅल्यूने 3 टक्क्यांहूनही कमी. पुढच्या वर्षीही ग्रोथच थोडा पुढे होता. 2022 मध्ये ग्रोथ 29 टक्क्यांनी पडला आणि व्हॅल्यू साडेसात टक्क्यांनी, तेव्हा अनेक मॅनेजरांनी सुटकेचा श्वास टाकला. 2023 मध्ये पुन्हा ग्रोथने 42 टक्के घेतले आणि व्हॅल्यूने 11. म्हणजे एका वर्षाच्या तुटीवरून व्हॅल्यू संपली असे म्हणता येत नाही, तसे एका वर्षाच्या भरपाईवरून ती जिंकली असेही म्हणता येत नाही. फक्त 1999-2000 ची जोडी देऊन थांबणाऱ्या पत्राने ग्राहकाला अर्धाच इतिहास वाचायला दिलेला असतो.

तूट लहान दाखवण्याच्या काही ठरलेल्या युक्त्या आहेत. लाभांश धरलेला निर्देशांक सोडून फक्त भावाच्या निर्देशांकाशी तुलना केली की भारतात वर्षाला सव्वा-दीड टक्का आपोआप भरून निघतो. म्युच्युअल फंडांसाठी सेबीने फेब्रुवारी 2018 पासून हा मार्ग बंद केला आणि लाभांशासह निर्देशांक सक्तीचा केला. दुसरी युक्ती वर्ष वाईट गेल्यावर बेंचमार्कच बदलण्याची. पीएमएसच्या बाबतीत सेबीने 2022 च्या अखेरीस हेही आवळले. शेअरवर आधारित पद्धतीसाठी ठरलेल्या मोजक्या बेंचमार्कमधूनच एक निवडावा लागतो आणि तो मनाला येईल तेव्हा बदलता येत नाही. तिसरी युक्ती रोखता येत नाही: वाईट वर्षी सगळा भर ‘स्थापनेपासूनचा परतावा’ या आकड्यावर द्यायचा. सुरुवातीची दोन-तीन वर्षे सोन्यासारखी गेली असतील, तर तो आकडा पुढची दहा वर्षे चांगला दिसतो.

ग्राहकाचा गोंधळ उडवणारी आणखी एक गोष्ट पत्रात स्वच्छ लिहावी लागते. पत्रात 5 टक्के म्हटलेले असते आणि ग्राहकाच्या स्वतःच्या उताऱ्यावर उणे 1 दिसते. यात लबाडी असतेच असे नाही. पत्रातला आकडा सगळ्या ग्राहकांच्या पैशांची ये-जा बाजूला ठेवून मोजलेला असतो. एखाद्याने ऑक्टोबरमध्ये बाजार वर असताना मोठी रक्कम घातली असेल, तर त्याचा अनुभव वेगळा असणारच. पीएमएसमध्ये शेअर प्रत्येक ग्राहकाच्या स्वतःच्या डीमॅट खात्यात असतात, त्यामुळे हा फरक खात्यागणिक दिसतो.

याच रचनेचा एक फायदाही आहे. म्युच्युअल फंडात शेजारच्या गुंतवणूकदाराने पैसे काढले, की त्याला द्यायला फंडाला शेअर विकावे लागतात आणि व्हॅल्यू फंडावर ती वेळ नेमकी शेअर सर्वांत स्वस्त असताना येते. पीएमएसमध्ये दुसऱ्याने खाते बंद केले तर त्याचे शेअर विकले जातात, आपले जागेवर राहतात. एकाच मॅनेजरच्या अनेक ग्राहकांनी कमी उलाढालीचा एकच शेअर धरला असेल, तर त्यांच्या विक्रीने भाव पडून आपल्यालाही झळ बसते, एवढेच.

फीचे काय होणार हेही पत्रात असते किंवा असायला हवे. पीएमएसमध्ये नफ्यातला वाटा घेणारी फी ‘हाय वॉटर मार्क’ तत्त्वावर चालते. खात्याचे मूल्य आधी गाठलेल्या उच्चांकाच्या वर गेले तरच तो वाटा मिळतो. पण हा उच्चांक खात्याच्या मूल्याचा असतो, बेंचमार्कशी त्याचा संबंध नसतो. आपल्या उदाहरणात खाते 5 टक्क्यांनी वाढले, म्हणजे फीचा किमान परताव्याचा टप्पा ठरवलेला नसेल, तर बेंचमार्कच्या 9 टक्के मागे राहूनही मॅनेजर नफ्याचा वाटा मागू शकतो. करारात 8 किंवा 10 टक्क्यांचा असा टप्पा लिहिलेला असतो की नाही, ते पाहायची वेळ खरे तर सही करण्यापूर्वीची.

पत्राच्या शेवटच्या भागात मॅनेजर पुढे काय करणार ते सांगतो. बहुतेक पत्रे इथे ‘आमच्या तत्त्वांवर ठाम’ असल्याचे सांगून थांबतात. उपयोगी पत्र कोणता शेअर कशामुळे विकला जाईल हे लिहिते: वीज कंपनीच्या नव्या प्रकल्पांची कमाई दोन वर्षांत आली नाही तर, बँकेची नवी थकीत कर्जे पुन्हा वाढू लागली तर, भाव कमाईच्या 15 पट झाला तर. ते हेही सांगते, की हा कल ग्राहकाने सही केलेल्या प्रकटीकरण दस्तऐवजात कोणत्या शब्दांत लिहिला होता, कारण तूट पडल्यावर सांगितलेल्या भूमिकेला जाणीवपूर्वक म्हणता येत नाही. पुढच्या वर्षीच्या पत्रात याच तीन ओळी, पद्धत, निवड आणि फी, याच क्रमाने आणि याच बेंचमार्कच्या समोर मांडलेल्या असल्या, तर ग्राहकाला निवडीचा आकडा दोन-तीन वर्षे ओळीने तपासता येतो. पद्धतीच्या ओळीत तीन वर्षे उणे आकडा राहिला तरी तो व्हॅल्यूच्या लहरीचा भाग असू शकतो. निवडीच्या ओळीत तो तीन वर्षे उणेच राहिला, तर फी वाचवून व्हॅल्यू निर्देशांकाचा फंड घेणे स्वस्त पडते.